एकच स्क्रू उरला

मी गाणं बोलतोय. मैफलीतलं नव्हे, घरातलं. मोठ्या गाण्यांनी नाकं मुरडली तरी चालेल. त्यांना गाता गाता कुणी दुरुस्त केलंय का?

आजोबांना सत्तर पूर्ण होणार म्हणून नातीनं मला वहीत जन्म दिला. आजोबांना दुरुस्तीचा भारी नाद. पंखा असो की इस्त्री, खोलून पुन्हा जोडायचे. वस्तू चालायची आणि टेबलावर एक स्क्रू हमखास उरायचा. तो स्क्रू ते एका डबीत जपून ठेवत. पण हाताला कंप सुटला तशी हत्यारांची पेटी कपाटावर गेली, आणि आजोबांचं हसूही तिच्याबरोबर गेलं.

नातीला ते परत आणायचं होतं. घरात निम्मे बेसूर, म्हणून माझं ध्रुपद तिनं अगदी सोपं ठेवलं:

दुरुस्त झालं, दुरुस्त झालं,
एकच स्क्रू उरला!

"अगं, त्यांना लागलं तर?" आत्या म्हणाली.

"लागलं तर पाया पडेन."

मला मात्र धडकी भरली होती.

वाढदिवसाला सगळे टेबलाभोवती जमले. नातीनं सूर धरला तो स्वतःच्या गळ्याचा, उंच. पहिलं कडवं कसंबसं निभावलं:

पंखा खोलला, पंखा जोडला, वारा आला गार,
आजोबांच्या हातापुढे पंखा मानी हार!

ध्रुपदाला बाबांचा आवाज फाटला. आजी नुसतेच ओठ हलवत होती. दुसऱ्या कडव्यात तर टाळ्याही चुकल्या. 'सत्तर वर्षं आमचं चाललं यंत्र' ही ओळ चार टाळ्यांची आणि शब्द पाच! सगळे थांबले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"कागद आण इकडे," आजोबा म्हणाले. चष्मा लावून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत तपासलं, जसा पंखा तपासत. "आधी सूर खाली घे. एवढं उंच तुझ्या बापाला जन्मात झेपायचं नाही. आणि हा 'आमचं' काढ. ओळ त्याच्यापाशी अडतेय."

मग त्यांनी टेबलावर बोटांनी ठोके धरले. हात थरथरत होता, पण एकेक ठोका जिथल्या तिथे पडत होता.

सत्तर वर्षं चाललं यंत्र, कधी न पडलं बंद,
मोडकं दिसता हात शिवशिवे, जडला असला छंद!

ध्रुपदाला आजीचाही आवाज लागला. सगळ्यांत मोठा आवाज आजोबांचा होता.

"दुरुस्त झालं," आजी म्हणाली. "आता उरलं काय?"

आजोबा खो खो हसले. कागदावरचा 'आमचं' हा शब्द त्यांनी हलकेच फाडला आणि स्क्रूंच्या डबीत टाकला. मग नातीला म्हणाले, "पेटी खाली काढ. स्क्रू मी सांगेन तसा तू फिरव."

आता मी त्याच पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. माझ्यात एक भोक आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मंडळी, मला गाणारच असाल तर खालच्या सुरात गा. 'आमचं' मात्र शोधू नका. ते आजोबांनी जपून ठेवलंय.