उजवा हात, डावा हात

साडेआठ वाजता शिकाऊ परिचारिकेने बालविकास तपासणीच्या खोलीत चटई पसरली, लाल ठोकळे साबणाच्या पाण्याने धुऊन पुसले आणि खुळखुळा नजरेआड ठेवला. स्वाध्यायासाठी तिला वाढीत काहीच अडचण नसलेले एक बाळ हवे होते. वही आजच द्यायची होती.

पहिलीच आली नऊ महिन्यांची ठकी, आईच्या कडेवर. मागून सुतारकाम करणारे वडील.

ठकी आधाराशिवाय बसली, खुळखुळ्याच्या आवाजाकडे वळली, "बाबा" म्हणाली.

"बाबाच म्हणते! नऊ महिने पोटात कुणी वागवलं?" आई म्हणाली.

"दोन ठोकळे एकमेकांवर आपटते?"

"आपटते? घर डोक्यावर घेते!" वडील म्हणाले. "आणि पक्की उजव्या हाताची. उद्या रंधा धरेल बघा."

परिचारिकेने हसत तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण केली आणि लगेच थबकली. ठकीला ठोकळे आपटताना तिने स्वतः पाहिले कुठे होते? खूण ऐकीव होती. शिवाय या वयात मूल दोन्ही हात सारखेच वापरते. एकच हात आवडता होण्याची ही वेळ नव्हे.

तिने एक ठोकळा दिला. ठकीने तो उजव्या हातात घेतला. दुसरा पुढे करताच पहिला टाकून तिने दुसरा घेतला. मग परिचारिकेने तिचा उजवा हात अलगद धरला आणि ठोकळा डाव्या बाजूला ठेवला. डावी मूठ उघडली नाही. ठकीने क्षणभर विचार केल्यासारखे पाहिले, वाकली आणि ठोकळा थेट तोंडाने उचलला.

परिचारिकेने ठकीचा उजवा हात सोडला. कुणी न शिकवता या एवढ्याशा जिवाने स्वतःची वाट शोधली होती. आणि ती वाट इतकी सफाईदार होती, की घरात कुणालाच अडचण दिसली नव्हती.

"काय झालं, ताई?" आईचा आवाज उतरला. "माझं काही चुकलं का?"

"नाही हो, तुमचं काहीच चुकलं नाही. ती डावा हात कमी वापरते. कशामुळे, ते मी सांगू शकत नाही; डॉक्टर तपासून सांगतील. पण हे लवकर दाखवलेलं बरं. या वयात मेंदू झपाट्यानं शिकतो."

"तोवर उजवा बांधून ठेवू?" वडिलांनी विचारले.

"छे! आपल्या मनानं काही बांधायचं नाही. खेळणी डावीकडून द्या, दोन्ही हातांनी मोठा चेंडू धरू द्या."

वडिलांनी स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे पाहिले. "रंधा एका हातानं चालतच नाही," ते हळूच म्हणाले. "एवढं कळायला हवं होतं मला."

परिचारिकेने आपली खूण एका रेघेने खोडली, शेजारी सही केली आणि पाहिले ते जसेच्या तसे लिहिले. स्वाध्यायाची वही न लिहिताच मिटून पिशवीत टाकली. मग डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून ती तिघांना बालरोगतज्ज्ञांच्या दारापर्यंत घेऊन गेली आणि त्यांचा नंबर येईपर्यंत शेजारी बसून राहिली.