मढ, 9!

संगणकाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बसायची गोरखची ही तिसरी खेप होती. या वेळी प्रॅक्टिकल गेलं की डिंगोऱ्याचे भिमाजी, म्हणजे त्याचे वडील, त्याला घाटघरला मामाच्या हॉटेलात भजी तळायला पाठवणार होते. कढई घेऊन झाली होती.

प्रश्न तोच होता: पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहून प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं सरकवायचं, म्हणजे A चं D करायचं, आकडे, मोकळ्या जागा, विरामचिन्हं जागच्या जागी ठेवायची. पहिल्या खेपेला गोरखनं सरसकट सगळंच सरकवलं. मोकळ्या जागेचं # झालं, 9 चं < झालं. दुसऱ्या खेपेला Z ला A कडं वळवायचं राहिलं, त्याचं ] झालं.

बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या रामनाथ सरांनी टाइप केलं: Zebra, 9!

उत्तर आलं: Cheud, 9!

"बरोबर," सर नाराजीनं म्हणाले.

तेवढ्यात लॅबच्या लंकाबाई चहा घेऊन आल्या. "सर, आमचं गाव टाका की. मढ."

सरांनी कीबोर्ड मराठी करून टाकलं: मढ, 9!

पडद्यावर आलं: ui, 9!

"उलटं फिरव," सर म्हणाले. गोरखनं तीन घरं मागं घेतलं. आलं: rf, 9!

लंकाबाईंनी ट्रे खाली ठेवला. "आरं, गाव कुठं गेलं माझं? पाचची यष्टी हाय मला. कंडक्टरला काय आरेफ सांगू?"

गोरखनं प्रोग्रॅम पुन्हा वाचला. 'हे अक्षर आहे का?' एवढंच त्यानं पायथनला विचारलं होतं. पायथनला म पण अक्षरच वाटतं. मग प्रोग्रॅमनं त्याला धरून इंग्रजीच्या सव्वीस घरांत कोंबलं. तिथून परत यायला वाट नाही.

त्यानं अट बदलली: फक्त a ते z आणि A ते Z. पुन्हा चालवलं. मढ, 9! जसंच्या तसं.

"आलं!" गोरख म्हणाला.

"थांब," लंकाबाई म्हणाल्या. "आता ती अक्षरं न्हाईत? स्वल्पविरामाच्या रांगेत बसवलं व्हय रं मढला?"

"मुद्दा आहे," रामनाथ सरांनी पेनाला टोपण लावलं. "काय रे, म अक्षर आहे की नाही?"

गोरखला कढईतलं तेल चरचरताना ऐकू आलं. त्यानं प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ नेली. "सर, हितं लिवलंय, 'इंग्रजी अक्षरे'. म लई अक्षर हाय, सर. पण इंग्रजी न्हाई."

"मावशी, चालेल?" सरांनी विचारलं.

"लिहून द्या."

गोरखनं प्रोग्रॅमच्या डोक्यावर माणसांनी वाचायची टिप्पणी टाकली: # मढ ही अक्षरंच आहेत. त्यांना हात लावू नये.

लंकाबाईंनी ती दोनदा वाचली आणि मान हलवली. मगच सरांनी पास लिहून सही केली.