चिकट नसलेला आवळा

चमचा फरशीवर पडला. दुपारच्या सामसुमीत तो थोडा वेळ थरथरत राहिला, मग थांबला. चमचा पडला की आमची मुंगी खुर्चीवरून उडी मारते, मी ओरडायच्या आत तो उचलून फ्रॉकला पुसते. त्या दिवशी ती बसूनच राहिली.

"उचल की."

"तू उचल. माझे पाय झोपलेत."

"मग उठव त्यांना."

"नको. उठले की रडतात."

मी हसले. साडेपाच वर्षांची मुलगी असं बोलली की आधी हसूच येतं. मग मी तिला कडेवर घ्यायला गेले. गुडघ्यामागे माझा हात लागला मात्र, ती अशी कळवळली की मी तो तसाच हवेत धरून उभी राहिले.

मुंगी हे तिचं नाव तिच्या बाबानं ठेवलं, कारण ती फक्त गोडाच्या मागे. खाण्याचे तिचे नखरे सांगायला बसले तर दिवस जाईल. भात, दूध, बिस्किट. भाजीचा हिरवा तुकडा भातात दिसला तर ताट परत. केळं म्हणजे गिळगिळीत, संत्र्याला दोरे, सफरचंद आवाज करतं. वर्षभर सगळे उपाय करून आम्ही हात टेकले होते. एकच गोष्ट ती मागून खायची, वाळवलेला आवळा. रोज दुपारी एक फोड. तेवढ्या एका फोडीवर मी निश्चिंत होते.

आवळा आमच्या घरचाच म्हणायचा. मोठ्या जाऊबाईंचा आवळा कँडीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. मुंगी शाळेत असते तेवढा वेळ मी तिथे काम करते. आवळे उकडायचे, बिया काढायच्या, फोडी पाकात टाकायच्या. पाक रोज थोडा घट्ट करत न्यायचा, आणि फोडी पाक प्यायल्या की निथळून ड्रायरमध्ये. पाकिटावर जाऊबाईंनी छापून घेतलंय, 'आवळ्यातलं व्हिटॅमिन सी जसंच्या तसं'. प्रदर्शनात स्टॉल लागला की बोलायचं काम माझ्याकडे. "शिजवा, वाळवा, काही करा, आवळ्यातलं सी कुठं जात नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेत विचारलं तरी म्हणेन.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, पडली होती का. मुलं पडतातच. त्यांनी कमरेचा फोटो काढला, तो चांगला आला. आठवड्यानं मुंगी लंगडायला लागली, मग चालायचीच बंद झाली. आम्ही तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई बारीक होत्या आणि सावकाश बोलायच्या. त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं.

"फळं?"

"फळं नाही खात. पण आवळा खाते, रोज."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. कागदावर त्यांनी आधीच काहीतरी लिहिलं होतं. त्या शब्दावर त्यांनी आडवी रेघ ओढली.

"रोज आवळा? मग सी कमी असायचं कारण नाही."

"नाहीच," मी म्हणाले. मला बरं वाटलं होतं. फळ न खाणाऱ्या मुलीच्या आईला कुठंतरी पैकीच्या पैकी मिळाले होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मला सलग आठवत नाहीत. रक्त काढलं, पुन्हा काढलं. पोटऱ्यांवर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके आले. हिरड्या सुजल्या, आम्ही म्हटलं मागच्या दाढा येताहेत. मुंगी बेडकासारखे पाय दुमडून पडून राहायची आणि कुणी खाटेजवळ आलं तरी आधीच रडायची. एकदा डॉक्टरबाई तिच्या बाबाला बाजूला घेऊन बोलल्या. तो परत आला आणि चादरीची घडी घालायला लागला. घडी घातलेलीच होती. हाडातला मगज काढून तपासायचा, रक्ताचा मोठा आजार नाही ना ते बघायला, असं त्यानं मला चादरीकडे बघत सांगितलं. मी "बरं" म्हणाले. तेव्हा मी सगळ्यालाच "बरं" म्हणत होते.

तपासणीच्या दिवशी सकाळी वॉर्डात आहारतज्ज्ञ आली, फॉर्म भरायला. माझ्याच वयाची असेल. कानामागे पेन्सिल खोचलेली. तिनं भात, दूध, बिस्किट लिहून घेतलं आणि आवळ्यापाशी आल्यावर सहज विचारलं, "कसा करता तुम्ही?"

मी स्टॉलवर सांगते तसं सांगायला लागले. धुवायचे, उकडायचे, फोडी सुटल्या की बिया काढायच्या.

"उकडलेलं पाणी?"

"ओतून देतो."

"फोडी पाकात किती दिवस?"

"पाच-सहा. तो पाक पुढच्या खेपेला वापरतो."

"आणि वाळवता कशात?"

"कारखान्यात ड्रायर आहे. पण हिच्या फोडी मी वेगळ्या करते. फार शिजून मोडलेल्या असतात, विकता येत नाहीत, त्या घरी नेते."

"वेगळ्या म्हणजे?"

"हिला चिकट चालत नाही. बोटाला चिकटलं की थुंकून टाकते. म्हणून मी पाकातून काढून गरम पाण्यात खळखळून धुते. दोनदा. मग गच्चीवर चार दिवस उन्हात, अगदी खडखडीत होईपर्यंत. मग काचेच्या बरणीत, खिडकीत. तिला दिसायला हवी ना बरणी."

"वर्षभराच्या एकदमच?"

"हंगाम असतो तेव्हाच."

तिनं लिहायचं थांबवलं होतं. मी तिच्या पेन्सिलीकडे बघत होते. माझं बोलणं मलाच दुसऱ्या कुणाचं तरी ऐकू येत होतं, एकेक पायरी.

"सी पाण्यात विरघळतं," ती हळू म्हणाली. "उष्णतेनं, हवेनं, उजेडानं मोडतं. ताज्या आवळ्यात ते इतकं भरपूर असतं की शिजवून वाळवूनही थोडंफार उरतं. त्यामुळे लोकांना वाटतं जातच नाही. पण तुम्ही…" फॉर्म घेऊन ती भराभरा बाहेर गेली.

दहा मिनिटांत डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मुंगीचा ओठ बोटानं वर केला आणि जांभळ्या हिरड्या बराच वेळ बघितल्या. गुडघ्यांचा फोटो काढायला सांगितला. सी मोजायला रक्त पाठवलं. "आजची तपासणी थांबवू," त्या म्हणाल्या. "रक्ताचं उत्तर यायला वेळ लागेल, पण औषध आताच सुरू करते. सीच कमी पडलं असेल तर दोन-चार दिवसांत तिचे पाय आपल्याला सांगतील." मग, "मी आधीच नीट विचारायला हवं होतं."

मी म्हणाले, "मीच सांगितलं ना, रोज खाते म्हणून."

गोळी पाण्यात टाकली की फेस येतो, एवढ्यासाठी मुंगीनं ती घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबाला तिच्यापाशी बसवून मी प्रयोगशाळेत गेले. कारखान्याचे नमुने जिथे जातात तीच. चार डबे नेले होते. शीतगृहातला अख्खा आवळा, नुकताच उकडलेला, ड्रायरमधून काढलेली फोड आणि बरणीतली मुंगीची फोड. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला ओळखलं.

"आज जाऊबाई नाहीत? लेबल बदलताय का?"

"घरचंच आहे," मी म्हणाले.

त्यांनी एकेक नमुना आम्लात वाटला, गाळला. वरच्या नळीत निळा रंग. तो थेंबथेंब खाली सोडायचा. सी असेल तोवर ते रंग खाऊन टाकतं, संपलं की गुलाबी टिकतं. ताजा आवळा रंग खातच राहिला, खातच राहिला. नळी पुन्हा भरावी लागली. उकडलेल्यानं त्याच्या अर्ध्याहून थोडा जास्त खाल्ला. ड्रायरमधल्या फोडीनं चौथ्या हिश्श्याच्याही आत.

मुंगीच्या फोडीला जेमतेम दोन थेंब लागले. चंचुपात्र गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. सुंदर रंग होता. मुंगीच्या बुटांना तसाच पट्टा आहे.

"ताज्याला शंभर ग्रॅममध्ये चारशे ऐंशी मिलिग्रॅम," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "याला सहा. खरं तर तेवढंही नसेल. आवळ्यातले बाकीचे पदार्थही थोडा रंग खातात. काय केलंत हो याला?"

"स्वच्छ धुतलं," मी म्हणाले.

मुंगी दिवसाला खायची ती फोड चार-पाच ग्रॅमची. पुढचा हिशोब मी बसस्टॉपवर उभी राहून केला. उत्तर एका मिलिग्रॅमच्याही खाली आलं. बस आली, मी चढले, उतरले. मध्ये काय दिसलं ते सांगता येणार नाही.

कारखान्यात जाऊबाई पाकिटं बंद करत होत्या. मी कागद समोर ठेवला.

"अगं, आवळा तो आवळा," त्या न बघताच म्हणाल्या. "सोनं वितळवलं तरी सोनंच राहतं."

"हे मुंगीच्या फोडीचं आहे."

त्यांनी हात पुसले, कागद घेतला, चष्मा लावला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. पाकीट बंद करायचं यंत्र तापून वास यायला लागला तेव्हा त्यांनी उठून बटण बंद केलं.

"आपल्या कँडीत आहे की थोडं," त्या शेवटी म्हणाल्या.

"थोडं आहे. जसंच्या तसं नाही."

"हं." त्यांनी लेबलांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवला. "पोरगी कशी आहे?"

"सकाळी खाटेजवळ गेले तर रडली नाही."

जाऊबाई माझ्याकडे पाठ करून परात पुसायला लागल्या. पुसलेलीच होती ती. "ही लेबलं नको आता," त्या परातीला म्हणाल्या. "आणि तू तिथे काय उभी आहेस, जा तिच्याकडे."

तिसऱ्या दिवशी मुंगीनं पाय स्वतः सरळ केले. आठवड्यात हिरड्या उतरल्या. रक्ताचं उत्तर आलं तेव्हा ती खाटेची कड धरून उभी होती, आणि डॉक्टरबाईंनी कागद वाचून नुसती होकारार्थी मान हलवली. मी "बरं" म्हणाले. सगळे मला म्हणत होते, आता रड मोकळेपणी. मला रडू येत नव्हतं. हातात धुतल्या फोडींचा खरखरीत स्पर्श तेवढा राहिला होता.

घरी आल्यावर ती टेबल धरून चालते, नवीन चालायला शिकल्यासारखी. काल टेबल संपलं तिथे ती थांबली. पुढे भिंतीपर्यंत चार पावलं मोकळी. मी खाली बसून हात पसरले.

"आई, तू सांगायचीस ना, रोज एक आवळा खाल्ला की पाय मजबूत होतात."

"सांगायचे."

"मी रोज खाल्ला. एकही दिवस चुकवला नाही."

"नाही चुकवलास."

ती विचारात पडली. टेबलाची कड तिनं अजून सोडली नव्हती.

"मग तुला ते कुणी सांगितलं होतं?"