म्हाळूच्या बायकोचा शेवट

माजलगावच्या वाचनालयानं राजेश्वरअप्पांना 'कादंबरी आणि सिनेमा' यावर बोलायला बोलावलं, आणि अप्पा आठवडाभर नुसते धुमसत होते. कादंबरी त्यांची. कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसून लिहिलेली. आणि नाव कुणाचं झालं? पटकथा लिहिणाऱ्या त्या पुण्याच्या स्वप्नालीचं. गिऱ्हाईक ब्लाउजपीस निवडता निवडता म्हणायचं, "अप्पा, पिच्चर लई भारी झालाय." पुस्तकाचं नाव कुणी काढील तर शपथ.

त्याहून जिव्हारी लागलं होतं ते घरातलंच. सिनेमा बघताना त्यांची बायको शिवकांता ढसाढसा रडली होती. पुस्तक छापून आलं तेव्हा मात्र एवढंच म्हणाली होती, "बरं हाय." त्या 'बरं हाय'नं अप्पांची झोप उडवली होती. आता भर सभेत सिनेमाची पिसं काढायची, समोर शिवकांताला बसवायचं आणि पुस्तकच सरस असं तिच्या तोंडून वदवायचं, हा त्यांचा बेत.

सभेच्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून ते बसले. मांडीवर पुस्तक, हातात मोबाईल, त्यावर सिनेमा. गाव बदललं होतं, बैल मरतो तो प्रसंग गायब होता. पण गाळलं म्हणजे बिघडलं असं थोडंच असतं? हे त्यांनाही कळत होतं, म्हणून जास्तच चिडचिड.

मग आली हजेरी. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हाक नवऱ्याच्या नावानं. पुस्तकात मुकादम ओरडतो, "म्हाळूचा कोयता!" म्हाळूची बायको कडूबाई म्हणते, "हाय." गोष्ट म्हाळूच सांगतो, त्यामुळं ते 'हाय' वाचणाराही म्हाळूच्या कानानं ऐकतो. बायको पाठीशी हाय, असं वाटून सुखावतो. सिनेमात शब्द तेच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. फक्त हाक येते तेव्हा म्हाळू दिसत नाही. कॅमेरा कडूबाईच्या तोंडावर. ती जराशी थांबते, आपलं नाव पुकारतील म्हणून वाट बघावी तशी, आणि मग उत्तर देते. तेवढ्यानं सगळा अर्थ फिरला होता.

शेवट तर अप्पांनी तीनदा मागं नेऊन बघितला. म्हाळू मारतो, कडूबाई निघून जाते, परत येते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हजेरीला ती पुन्हा 'हाय' म्हणते आणि म्हाळूचा जीव भांड्यात पडतो. सिनेमात हाक येते, ती गप्प. पुन्हा हाक येते. ती खाली वाकते आणि ऊस तोडायला लागते. संपलं.

म्हणजे कामावर ती आली होती, म्हाळूकडं आली नव्हती. मग पुस्तकातली माफी कुणी दिली होती? कडूबाईनं, की म्हाळूनंच आपल्या सोयीनं तिच्या तोंडी घातली? अप्पांनी पानं चाळली. सगळीकडं म्हाळूचंच मन. कडूबाईच्या मनातलं एक वाक्य सापडेना. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. हे आपल्याला सुचायला पाहिजे होतं, आणि सुचलं कुणाला, तर जिनं उसाचा फड धड बघितलेला नाही तिला.

शिवकांता दुकानामागच्या घरातून चहा घेऊन आली.

"बघ, हा शेवट," अप्पा म्हणाले. "त्या पोरीला कुठून सुचलं म्हणतो मी."

शिवकांतानं कप ठेवला. "मीच सांगितलं."

"काय?"

"आपल्याकडं आल्ती की ती. तुमी दुकानात व्हते. भाकरी करताना तिनं विचारलं, काकू, तिच्या जागी तुमी असत्या तर 'हाय' म्हणल्या असत्या का? मी म्हणले, न्हाई. कामाला गेले असते, पर हाकंला ओ दिली नसती."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी पुस्तक वाचायला दिलं तवा एवढंच इचारलं, भाषा जमली का. जमली व्हती," ती म्हणाली आणि आत गेली.

अप्पांना चहा गोड लागेना. स्वप्नालीचा राग परवडला होता. आता जे खुपत होतं ते बायकोबद्दलच होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी सभा गच्च भरली. शिवकांता पुढच्या रांगेत. अप्पा बोलले आणि झकास बोलले. सिनेमा पुस्तकाशी इमानी आहे का, हा प्रश्नच सोडा, म्हणाले. गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी दिसते ते बदललं की तीच हाक निराळी ऐकू येते. पुस्तकातली माफी ही म्हाळूची इच्छा आहे, सिनेमानं ती उघडी पाडली. लोक माना डोलवत होते.

अध्यक्ष राधाकिशन सर म्हणाले, "हा बदल सुचला कुणाला, अप्पा? स्वप्नालीताईंना?"

त्या नावासरशी अप्पा पुन्हा चिडले. त्यांनी शिवकांताकडं बघितलं. ती सरळ त्यांच्याकडंच बघत होती. तिचं नाव अगदी जिभेवर आलं होतं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "ते आमच्या घरातूनच गेलंय."

"म्हणजे तुमचंच की!" सर हसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पांनी हात जोडले. शिवकांतानं पदर सावरला आणि टाळ्या थांबायच्या आत उठून बाहेर गेली.