चार भोकांची पाटी

आमच्या घरात दुधाच्या पातेल्यावर जे झाकण असतं, त्यावर लिहिलंय : ‘हे यंत्र बँकेकडे तारण आहे.’ अक्षरं आता निम्मी पुसलीत. लहानपणी मला वाटायचं, आमचं दूधच तारण आहे. शाळेत एका मैत्रिणीला तसं सांगितलंही होतं. तिच्या आईने आठवडाभर तिला माझ्याशी खेळू दिलं नव्हतं.

ती पाटी बाबांच्या लेथवरची. आम्ही स्प्रिंगा बनवतो. कुलपातल्या, पेनातल्या, पंपातल्या. तुम्ही दिवसातून शंभरदा आमची स्प्रिंग दाबता आणि तुम्हाला ती दिसत नाही. बाबा सळईभोवती तार वळायचे, काका भट्टी सांभाळायचा, आणि मी पोत्यावर बसून वाकड्या स्प्रिंगा वेगळ्या काढायचे. गरम तेलाचा वास आजही आला की मला भूक लागते, कारण तो वास म्हणजे दुपारची सुट्टी.

बाबा गेले. लेथ आहे, काका आहे, मी आहे. आणि आता कुलपांच्या कारखान्याने सांगितलंय की हाताने वळलेली स्प्रिंग नको. एक लांब, एक आखूड, आमची कुलपं अडकतात. आपोआप वळणारं मशीन घ्या, नाहीतर पुढल्या तिमाहीपासून दुसरा माणूस बघतो. हाच कारखाना आमचं बिल नव्वद दिवसांनी देतो. म्हणजे बघा, एवढा मोठा कारखाना आमच्यासारख्या फाटक्यांच्या बिनव्याजी उधारीवर चालतो, आणि वर दम आम्हालाच. पण अर्धं काम त्यांचंच. ते गेलं तर कुलूप आमच्या दाराला लागणार.

म्हणून बँकेला पत्र. काका सांगत होता, मी टाइप करत होते.

“लिही. खेळतं भांडवल मिळावं. त्यातून मशीन घेणार.”

“काका, असं होत नाही. मशीनला मुदत कर्ज असतं.”

“भांडवल ते भांडवल. पैशावर काय लिहिलेलं असतं का, मी मशीनचा, मी तारेचा?”

“मग मुदत कर्ज मागायला काय जातंय?”

काकाने आवाज खाली आणला. मग म्हणाला, “त्यात मशीनवर पाटी मारतात.”

असं होय! बाबांच्या लेथवर पाटी होती तेव्हा गिऱ्हाईक आलं की काका आपला शर्ट काढून त्या पाटीवर वाळत घालायचा. भर थंडीतही बनियनवर उभा. गिऱ्हाइकांना वाटायचं, भट्टीवरचा माणूस, उकडत असेल. खेळत्या भांडवलाला तारण माल असतो, आणि माल काय, आज आहे उद्या विकला. मशीन कोरं राहील, हा काकाचा हिशेब. परतफेडीच्या रकान्यात त्याने मला लिहायला लावलं : ‘नियमितपणे करू.’

मी लिहिलं. काकाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीला टक्कर बरी, भिंत निदान नंतर टोमणे मारत नाही.

बँकेतल्या लोनच्या मॅडमनी पत्र वाचलं, मशीनचं कोटेशन बघितलं आणि चष्मा काढला.

“काका, तार किती दिवसांची भरता?”

“महिन्याची.”

“कारखान्याचे पैसे कधी येतात?”

“तीन महिन्यांनी. तेही मनात आलं तर.”

“म्हणजे तार, पगार, वीज हे तुम्ही आधी घालता आणि मागून वाट बघता. त्या मधल्या काळासाठी खेळतं भांडवल. ते फिरत राहायला हवं. ते सगळं मशीनमध्ये घातलंत तर मशीन येईल, चकचकीत. त्यात घालायला तार कुठून आणाल?”

काकाने मशीनचं कोटेशन आपल्याकडे ओढून घेतलं.

“मशीन आपली किंमत पाच वर्षांत काढतं,” मॅडम म्हणाल्या. “त्याचं कर्जही पाच वर्षांचं असायला हवं. आणि ‘नियमितपणे करू’ म्हणजे काय? नियमितपणे तर माझा मुलगाही अभ्यास करणार असतो.”

मला हसू आलं. काकाला नाही. त्याने पत्र उचललं, घडी घातली आणि खिशात कोंबलं. जिना उतरताना म्हणाला, “नको ते मशीन. भीक नको पण कुत्रं आवर.”

आम्ही घरी आलो तेव्हा आई दूध तापवत होती. तिने सगळं ऐकलं, पातेल्यावरची पाटी चिमट्याने उचलली आणि ओट्यावर ठेवली.

“भावजी, ही घरी कोणी आणली?”

“दादाने.”

“काढली त्यांनी. आणली तुम्ही. पान्याने वाजवत आणलीत, नाक्यापासून. अख्खी गल्ली बाहेर आली, म्हटलं वरात कोणाची. मी म्हणाले भंगारात द्या. तर म्हणालात, वहिनी, हिने रोज काहीतरी झाकत जा. कर्ज फिटलेलं घर आहे, दिसू दे.”

काका पाटीकडे बघत होता. चारी कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. आई नेहमी म्हणते, झाकणांत झाकण हेच, भोकांतून वाफ जाते, दूध उतू जात नाही.

“पाटी लावताना लाज वाटली होती ना?” आई म्हणाली. “मग वाजवत कशाला आलात? नुसतं कोरं मशीन असतं तर काय वाजवलं असतंत?”

काकाने बोटाने एका भोकातली साय पुसली. मग मला म्हणाला, “कॉम्प्युटर लाव.”

नवं पत्र दोन मागण्यांचं झालं. मशीनसाठी पाच वर्षांचं मुदत कर्ज, किमतीचा चौथा हिस्सा आमचा. तारेसाठी आणि पगारासाठी वेगळं खेळतं भांडवल. परतफेडीला मी आमचा सगळ्यात चांगला महिना धरला, तर काकाने माझा हात धरला. “वाईट महिना धर. चांगल्या महिन्यात हप्ता कोणीही भरतो.” मग सगळ्यात मंद महिन्यात खर्च जाऊन जे उरतं, त्यात बसेल असा हप्ता मांडला. मशीन बसून माल निघेपर्यंत नुसतं व्याज, त्यानंतर मुद्दल. पान भरलं. मॅडमनी दोनदा वाचलं, आकडे घासून बघितले, कारखान्याचं मागणीपत्र मागितलं, आमच्या शेडमध्ये येऊन भट्टीपर्यंत सगळं बघून गेल्या. कर्ज मंजूर झालं.

मशीन आलं. आधीच्या लेथला बाबा जसे तेल लावायचे, तसं काकाने त्याला आपल्या हाताने तेल लावलं. मग बँकेचा माणूस आला आणि त्याने पिशवीतून एक स्टिकर काढला. मशीन तारण असल्याचा. कागदी.

काका त्याच्याकडे असा बघायला लागला, जसं कोणी त्याच्या दादाचा अपमान केलाय.

“हे काय?”

“आता असंच असतं, काका. चिकटवलं की झालं.”

“आणि कर्ज फिटल्यावर?”

“खरवडून टाकायचं.”

“खरवडून?” काका माझ्याकडे वळला. “ऐकलंस? पाच वर्षं हप्ते भरायचे आणि शेवटी नखाने खरवडायचं!”

त्याने पत्र्याचा तुकडा कापला. आईच्या झाकणाच्या मापाचा, मी घरून ते झाकण आणून दिलं होतं. स्टिकर त्यावर चिकटवला. बँकेचा माणूस घड्याळ बघत होता. मी पेटीतून रिव्हेट काढून काकापुढे धरले.

“रिव्हेट नको,” काका म्हणाला. “स्क्रू दे. काढायची आहे.”

पाटी लावून झाल्यावर तो मागे सरकला, शर्टाच्या बटणाला हात घातला, आणि तसाच थांबला. मग वरचं उघडं राहिलेलं बटणही लावलं.

आईला सांगितलं तर म्हणाली, “बरं झालं. पाच वर्षांनी ताकालाही झाकण होईल.”