केतू सुटेपर्यंत

सुनेच्या पत्रिकेबद्दल माईंना कुणी काही शिकवायची सोय नव्हती. वृश्चिकेतला चंद्र, म्हणजे आधीच नीचीचा, दुबळा, आणि त्याच्यापासून जेमतेम दोन अंशांवर केतू. नुसते एका घरात असते तर माईंनी हसण्यावारी नेलं असतं. इतके जवळ म्हटल्यावर ग्रहणयोग पक्का. सूर्याला ग्रहण लागलं की माणसाचा आत्मविश्वास डळमळतो, चंद्राला लागलं की मन. राहू मनाला भलतं फुगवतो, केतू ते सगळ्यांपासून तोडतो. त्यात केतूच्या महादशेत चंद्राची अंतर्दशा चालू, सात महिन्यांची. दोन उरले होते, मग चंद्र केतूच्या तावडीतून सुटणार.

बाळंतपणानंतर सून गप्प झाली, तेव्हा माईंना नवल वाटलं नाही. एरवी दातांच्या कवळ्या बनवता बनवता गिऱ्हाइकांच्या नकला करणारी पोर आता भिंतीकडे तोंड करून पडायची. मुलगा डॉक्टरांचं नाव काढायचा आणि माई त्याला वाटेला लावायच्या. गुरूची नववी दृष्टी आहे चंद्रावर, सावरेल ती, म्हणायच्या. सुनेलाही त्यांनी हे समजावून सांगितलं होतं, अगदी मायेनं.

त्या दुपारी सून बाळाला घेऊन त्यांच्या खोलीत आली. बाळाच्या कपड्यांची पिशवीही तिनं आणली होती.

"आई, दोन महिने ह्याला तुमच्याकडेच ठेवा."

"बरं वाटत नाहीये का?"

"काल आंघोळ घालताना हात सोडून द्यावासा वाटला." आवाजात चढ नाही, उतार नाही. "तुम्ही म्हणालात, केतू सुटेपर्यंत असंच व्हायचं. मी थांबेन. पण ह्याला माझ्याजवळ नको."

माईंनी बाळ छातीशी धरलं. योग तिच्या जन्मापासूनचा. एकतीस वर्षं तो पत्रिकेत होता आणि पोर घर डोक्यावर घेत होती. हे आपल्याला दिसू नये? एवढे अंश मोजले, पण ती किती झोपते ते एकदा विचारलं नाही. माईंना स्वतःची भयंकर चीड आली.

"आणि तू कशी थांबणार होतीस?"

सुनेची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच राहिली.

माईंनी मुलाला हाक मारली. बाळ त्याच्या हातात दिलं, गाडी काढायला सांगितली, डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन लावायला सांगितलं. तो दारात घुटमळला तसं त्यांनी असं बघितलं की तो धावतच सुटला. सुनेचा हात मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवला.

"पण अजून दोन महिने आहेत ना?" सून म्हणाली.

"असू देत. आपण आत्ता निघतोय."

सून दाराशी आली आणि चपलांकडे बघत उभी राहिली. पायात घालायच्या, हेही तिला सुचेना. माई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, एका हातानं तिचा हात तसाच धरून त्यांनी तिचा एकेक पाय उचलला आणि चपला घातल्या.