पत्राखालचं नाव

विद्युलताबाईंना यामिनी आवडत नव्हती असं अजिबात नाही. उलट ती कामाला लागली तेव्हा त्यांनीच तिला फाइलींचं कपाट दाखवलं, फिल्टर कॉफी कुठली चांगली ते सांगितलं आणि जिन्याची तिसरी पायरी हलते, जपून ये, असंही बजावलं. पण हे सगळं पत्राच्या आधीचं. पत्र आलं आणि बाईंच्या अंगाचा जो तिळपापड व्हायला लागला, तो थांबेचना.

त्यांची पतसंस्था जॉर्ज टाउनमधल्या एका भांड्यांच्या घाऊक दुकानाच्या माडीवर होती. खाली दिवसभर पितळेचा खणखणाट आणि वर हिशेब. निम्मे सभासद पिढ्यान्‌पिढ्या इकडे तमिळ मुलखात राहिलेले तंजावरकडचे मराठी, निम्मे रेल्वेत नाहीतर बँकेत बदली होऊन आले आणि इथेच रमले असे. विद्युलताबाई पहिल्या गटातल्या. कर्जविभाग त्यांचा. कुणाच्या लग्नाला किती कर्ज घेतलं आणि कुणाचा जावई जामीन राहिला, हे त्यांना कपाट न उघडता सांगता यायचं.

हप्त्याची आठवण करून देणारी नोटीसही त्यांचीच. म्हणजे मजकूर त्यांच्याआधीच्या कारकुनाचा, पण इतकी वर्षं खाली सही करून करून तो त्यांना स्वतःचाच वाटायला लागला होता. ‘आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, विहित मुदतीत हप्ता न भरल्यास आपणाविरुद्ध व जामीनदारांविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल, याची गंभीर नोंद घ्यावी.’ आणि शेवटी, ‘प्रत माहितीसाठी: जामीनदार.’ वाचणाऱ्याला घाम फुटलाच पाहिजे.

वार्षिक सभेत हंबीरराव ती नोटीस हातात नाचवत उभे राहिले. ते निवृत्त स्टेशनमास्तर, आवाज अजून फलाटावरचाच.

“माझा आजवर एक हप्ता चुकलेला नाही! तरी मला गंभीर नोंद? आणि प्रत कुणाला, तर माझ्या व्याह्यांना! ते परवा विचारतात, ‘बरं चाललंय ना तुमचं?’ मी काय सांगू त्यांना?”

सभा खो खो हसली. मग एकेक जण उठायला लागला. तारखेच्या आधीच सगळ्यांना एकच छापील नोटीस जाते, भरणाऱ्याला आणि थकवणाऱ्याला एकच दम, हे काही बरोबर नाही. अध्यक्ष उमाकांतरावांनी तिथल्या तिथे जाहीर केलं: थकलेल्यांची नोटीस वेगळी ठेवू, आणि तारखेच्या आधीची आठवण माणसांना लिहितात तशा भाषेत नव्याने लिहू.

विद्युलताबाईंनी मनातल्या मनात पेनचं टोपण काढलंसुद्धा. आणि उमाकांतराव म्हणाले, “यामिनी, तू लिही.”

यामिनी! नाशिकहून लग्न होऊन वेलचेरीला आलेली, इथे येऊन वर्षही न झालेली मुलगी! बाईंनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांचा आवाज आला नाही.

आठवड्याने उमाकांतरावांनी मसुदा मोठ्याने वाचला.

“‘आदरणीय हंबीरराव, नमस्कार. आपल्या कर्जाचा पुढचा हप्ता दहा तारखेला आहे. रक्कम चार हजार दोनशे रुपये. ती कार्यालयात रोख, चेकने किंवा संस्थेच्या खात्यावर ऑनलाइन भरता येईल. आधीच भरली असेल तर आभार, मग या पत्राचं काही करायला नको. उशिरा भरल्यास थकलेल्या रकमेवर जादा व्याज लागतं. म्हणून या महिन्यात अडचण असेल, तर दहा तारखेच्या आत आमच्याशी बोला. मुदत वाढवून हप्ता लहान करण्यासाठी अर्ज करता येतो. निर्णय संचालक मंडळ घेतं. अर्ज करायचा की नाही हे तुम्ही ठरवेपर्यंत आपलं बोलणं दुसऱ्या कुणालाही सांगितलं जाणार नाही. ही फक्त आठवण आहे. हिची प्रत जामीनदारांना पाठवलेली नाही.’”

बाई कान टवकारून चूक शोधत होत्या. तारीख होती. रक्कम होती. जादा व्याज लपवलेलं नव्हतं. खोटं आश्वासनही नव्हतं. चूक एकही सापडेना, आणि यासारखा वैताग दुसरा नाही.

“तमिळ कुठाय?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडल्या किती पोरांना मराठी वाचायलाच येत नाही.”

“अगं बाई, खरंच की!” यामिनीचे डोळे चमकले. “ताई, मागच्या बाजूला तमिळ तुम्ही कराल? मला तर बसचा बोर्डही वाचता येत नाही अजून.”

बाईंना नाही म्हणायचं होतं. पण तमिळ इतकं झकास जमलं की ते दडवून ठेवणं त्यांनाच होईना.

राहिली होती एकच जागा. ‘बोलायचं असल्यास:’ आणि पुढे कोरं. नुसतं ‘कार्यालय’ लिहिलं तर कुणी फोन करत नाही, माणसाचं नाव हवं, असं यामिनीचं म्हणणं. बाईंनी पदर सारखा केला. आता तरी!

“तूच घे गं,” उमाकांतराव म्हणाले. “विद्युलताबाईंच्या डोक्यावर आधीच फार काम आहे.”

म्हणजे मागची बाजू बाईंची, पुढची यामिनीची, आणि नाव फक्त यामिनीचं.

पत्रं गेली आणि फोन सुरू झाले. यामिनीच्या टेबलावर. बाई पलीकडच्या टेबलावरून ऐकायच्या, म्हणजे ऐकत नाही असं दाखवत ऐकायच्या. “हो काका, नक्की या.” “अहो, रडू नका, आधी पाणी प्या.” माणसं जिना चढून यायची आणि बाईंना नुसता नमस्कार करून सरळ तिकडे! ज्यांच्या मुंजीत बाई जेवल्या होत्या, ती माणसं! हंबीरराव तर म्हैसूरपाक घेऊन आले. बाईंनी एक वडी तोंडात टाकली. ती त्यांना कडू लागली म्हणजे बघा.

शेवटी त्या उमाकांतरावांच्या खोलीत गेल्याच.

“साहेब, जुनी माणसं नव्या मुलीशी कसं बोलणार? बावरतात हो. माझं नाव असतं तर मोकळेपणाने बोलली असती.”

“हं,” उमाकांतराव म्हणाले. “बघतो.”

दुसऱ्याच दिवशी यामिनी जेवायला गच्चीवर गेलेली असताना तिच्या टेबलावरचा फोन वाजला. वाजतच राहिला. बाईंनी उचलला.

“यामिनी, मी बोलतें कां. तें अर्जाचं...”

बाईंनी आवाज आणि तो तंजावरी हेल लगेच ओळखला. अन्नपूर्णा! त्यांची अन्नपूर्णा! शाळेपासूनची मैत्रीण, दर शुक्रवारी जिच्याबरोबर देवळात जायचं, जिच्या डब्यांच्या धंद्यासाठी ग्राइंडरचं कर्ज बाईंनी स्वतः फॉर्म भरून मंजूर करून घेतलं होतं, ती!

“अन्नपूर्णा? मी विद्या.”

पलीकडून खट्‌. फोन बंद.

यामिनी हात धुऊन आली तेव्हा बाई तिच्याच खुर्चीजवळ उभ्या होत्या.

“अन्नपूर्णाबाईंचं काय काम आहे तुझ्याकडे?”

यामिनीने ओला हातरुमाल उगाच घडी घालून ठेवला. “ताई, पत्रात लिहिलंय ना आपण. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही म्हणून.”

“मी दुसरी?” बाईंचा आवाज चढला. “मी तिच्या बाळंतपणात रात्रभर जागलेय! मी दुसरी कुणी?”

“त्यांनी अर्ज दिला की तो तुमच्याच टेबलावर येईल, ताई. त्याआधी मी नाही सांगू शकत. तमिळमध्ये हे वाक्य तुम्हीच लिहिलंय.”

हे शेवटचं फारच झोंबलं, कारण खरं होतं.

बाई त्या दिवशी लवकर निघाल्या आणि थेट अन्नपूर्णाबाईंच्या दारात. अन्नपूर्णाबाई दुसऱ्या दिवशीच्या सांबारासाठी तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा डाळीत डोकं घातलं.

“ये. बैस.”

“बसायला नाही आले. त्या कालच्या पोरीला सांगतेस आणि मला नाही?”

“ओरडू नको, विद्या. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत! मी काय केलं होतं तुझं?”

अन्नपूर्णाबाईंनी ताट बाजूला सारलं. “दोन हॉस्टेलांचे डबे बंद झाले. हप्ता जड होतोय. झालं? आतां सांग, हें मी तुला सांगितलं असतं तर तूं काय केली असतीस?”

“काय म्हणजे? मी भरला असता!”

“तेंच तर.” अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या. “तूं भरली असतीस. एकदा, दोनदा, तीनदा. तोंडातून शब्द काढला नसतास. मग मी शुक्रवारी तुझ्या शेजारी कशी बसूं? तुझी साडी चांगली नाही असं कोणत्या तोंडानं सांगूं?”

“माझ्या साड्यांना नेहमीच नावं ठेवतेस तू.”

“ठेवायची आहेत अजून! म्हणून त्या पोरीकडे गेलें. ती विचारते, महिन्याला किती जमेल? बस. तिला माझं लग्न ठाऊक नाही, माझा मुलगा ठाऊक नाही. लाज वाटत नाही बघ तिच्यापुढे. तुझं नाव असतं त्या कागदावर, तर मी फोनच केला नसता, विद्या. गप्प बसलें असतें, आणि व्याज वाढत गेलं असतं.”

बाईंना वाटलं होतं, हे ऐकून राग जाईल. छे! उलट आता तर तो आणखी फुलला. यामिनी हुशार म्हणून जिंकली असती तर एकवेळ चाललं असतं. ती परकी म्हणून जिंकली! परकं कसं व्हायचं, हे आता या वयात कुठे शिकायला जाणार?

त्या खाली बसल्या. ताट पुढे ओढलं आणि डाळीतले खडे वेचू लागल्या. दोघींनी मिळून डाळ संपवली. अर्जाबद्दल एक अक्षर निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर उमाकांतरावांची चिठ्ठी होती: ‘विद्युलताबाई, पुढच्या महिन्याच्या पत्रापासून संपर्कासाठी आपलं नाव टाकावं. आपलं म्हणणं पटलं.’

जिंकल्या की! बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. संगणकावर पत्र उघडलं. ‘बोलायचं असल्यास:’ यापुढचं ‘यामिनी’ नंबरासकट पुसलं आणि स्वतःचं नाव टाइप केलं. काय शोभत होतं! विद्युलता. भरघोस, चार अक्षरी, जोडाक्षराचा तोरा असलेलं नाव. त्या खुर्चीत मागे रेलून बघत राहिल्या.

मग त्यांना दिसलं की हे पत्र अन्नपूर्णेच्या घरी जाईल. आणि ती ते वाचून डब्याखाली सरकवून ठेवील. तिच्यासारख्या आणखी किती जणी असतील, बाईंना सांगता येईना. ज्यांचं सगळं ठाऊक आहे असं त्यांना वाटायचं, त्यांच्याबद्दलही सांगता येईना.

“यामिनी,” त्यांनी हाक मारली. आवाज गोड नव्हता, उगाच कशाला खोटं सांगा. “इकडे ये. तुझा नंबर सांग परत.”

“का, ताई? साहेब तर म्हणाले की आता तुमचं...”

“साहेबांना मी सांगते काय ते. नंबर सांग.”

यामिनीने सांगितला. बाईंनी तिचं नाव पुन्हा टाइप केलं. अक्षराचा आकार मात्र दोन घरं बारीक केला. मुंगीएवढा. यामिनीने पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि ओठ दाबले.

“काय झालं?”

“काही नाही. वयस्कर माणसांना दिसेल ना, एवढंच.”

बाईंनी जोरात श्वास सोडला. मग नाव मोठं केलं. मजकुरापेक्षा मोठं, ठळक, थेट वरच्या ‘आदरणीय’च्या तोडीचं.

“झालं समाधान?” त्या फणकारल्या. “जा आता. आणि तो म्हैसूरपाक संपवलास का सगळा?”

यामिनीने खणातून डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी सगळ्यात मोठी वडी निवडली, आणि दुसऱ्या हाताने छापायची कळ दाबली.